स्पीकिंगचा बँड कमी आला: परीक्षा लगेच द्यावी की थांबावे?

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार कौशल्यांना ० ते ९ या मोजपट्टीवर वेगवेगळे बँड मिळतात. चारही बँडची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेऊन एकूण बँड ठरतो. अडचण सरासरीत नसते. ‘एकूण ६.५, पण कोणत्याही कौशल्यात ६ पेक्षा कमी नको’ अशी अट अनेक विद्यापीठे घालतात आणि मग बोलण्यातला एकटा ५.५ बाकीच्या चांगल्या गुणांवर पाणी फिरवतो. एके काळी पुन्हा परीक्षा द्यायला ९० दिवस थांबावेच लागे. २००६ साली तो नियम उठला. तेव्हापासून जागा मिळाली तर पुढच्या आठवड्यातही परीक्षा देता येते, आणि थांबायचे की नाही हे उमेदवाराने स्वतः ठरवायचे असते.

हे ठरवण्याआधी ५.५ हा आकडा कुठून येतो ते पाहावे लागते. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि ती परीक्षकासमोर होते. पहिल्या भागात ओळखीच्या विषयांवर प्रश्न असतात. दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड हाती येते. त्यावर एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून जरा अमूर्त चर्चा होते. परीक्षक चार निकषांवर गुण देतो: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चारही निकषांचे वजन सारखे असते. समजा ओघाला ५, शब्दसंपदेला ६, व्याकरणाला ६ आणि उच्चाराला ५ मिळाले, तर बेरीज २२ आणि सरासरी ५.५. ती ६ वर न्यायची तर बेरीज २४ हवी, म्हणजे दोन निकषांत एकेक पायरी चढायला हवी. गुणपत्रिकेवर मात्र हे चार आकडे छापलेले नसतात, फक्त ५.५ दिसतो. नेमके काय कमी पडले हे उमेदवाराला अंदाजानेच शोधावे लागते, आणि लगेच की नंतर या प्रश्नाचे उत्तर त्या अंदाजावरच उभे असते.

अंदाजाचा सगळ्यात चांगला पुरावा त्याच गुणपत्रिकेत असतो, पण तिकडे फारसे कोणी पाहत नाही. तो म्हणजे लेखनाचा बँड. लेखनालाही शब्दसंपदा आणि व्याकरण हे निकष आहेतच. ज्याला लेखनात ६.५ आणि बोलण्यात ५.५ मिळाले, त्याच्याकडे भाषा आहे, ती तोंडातून वेळेवर बाहेर येत नाही. ज्याला दोन्हींत ५.५ मिळाले, त्याची भाषाच अजून त्या पातळीला पोचलेली नाही. पहिल्याला काही आठवडे पुरू शकतात, दुसऱ्याला काही महिने लागतात. ऐकण्यातला ८ हा बँड मात्र फसवा दिलासा देतो. इंग्रजी मालिका आणि भाषणे ऐकत वाढलेल्या पिढीला ऐकलेले समजते, पण समजण्यातून बोलण्याची सवय आपोआप येत नाही.

दुसरा पुरावा स्वतःचा आवाज. मोबाइलवर तीन वेगवेगळ्या दिवशी तीन नवे विषय घेऊन, एक मिनिट विचार करून दोन-दोन मिनिटे बोलायचे आणि ते ध्वनिमुद्रित करायचे. मग प्रत्येक मुद्रण जसेच्या तसे कागदावर उतरवायचे, अडखळणे आणि ‘अं’ धरून. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच क्लासमध्ये ते सहसा होत नाही. पण त्यातून जे दिसते ते सराव परीक्षेच्या गुणांतून दिसत नाही. तिन्ही दिवस वाक्ये तशीच तुटत असतील, ‘अँड’ आणि ‘सो’ लावत तोच विचार पुन्हा येत असेल आणि जोडवाक्य सुरू केले की क्रियापद चुकत असेल, तर परीक्षेतला ५.५ खरा होता. एखाद्या दिवशी बोलणे सरळ वाहते आणि एखाद्या दिवशी कोलमडते असे असेल, तर दोष पातळीचा कमी आणि त्या दिवसाचा जास्त. अनोळखी विषय, वेगळा उच्चार असलेला परीक्षक, घाबरून तीस सेकंदांत संपलेले कार्ड, अशी त्याची कारणे असतात. कुठल्याही तोंडी परीक्षेत अर्ध्या बँडची चढउतार असतेच.

पाठ केलेल्या उत्तरांचा मुद्दा इथे वेगळा पाहायला हवा. ‘आवडता सण’ किंवा ‘प्रभाव पाडणारी व्यक्ती’ यांवर क्लासने दिलेले परिच्छेद घोकून जाणारे उमेदवार खूप असतात. परीक्षकांना अशी उत्तरे ओळखायचे प्रशिक्षण असते. मध्येच वेगळा प्रश्न आला की आवाजाची लय बदलते, वेग निम्मा होतो आणि फरक लपत नाही. अशा उमेदवाराने तेच परिच्छेद घेऊन लगेच परीक्षा दिली तर बँड तोच येण्याची शक्यता मोठी. उलट, घोकंपट्टी सोडून स्वतःच्या साध्या वाक्यांत बोलायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांतही ओघ सुधारतो. मत बरोबर की चूक, अनुभव खरा की कल्पित याला गुण नसतात, त्यामुळे साधे बोलण्यात गमावण्यासारखे काही नसते.

थोड्या काळात काय बदलते आणि काय नाही याची सीमा बरीच स्पष्ट आहे. कार्डावरची दोन मिनिटे पूर्ण भरणे, एका वाक्याच्या उत्तराला कारण आणि उदाहरण जोडणे, चूक झाली तरी वाक्य न सोडणे, हे दोन-चार आठवड्यांत जमते. सहज तोंडी येणारे व्याकरण आणि उच्चाराची घडण यांना जास्त वेळ लागतो. मराठी वळणाच्या उच्चाराला म्हणून गुण कापले जात नाहीत. ऐकणाऱ्याला सहज समजते का एवढेच पाहिले जाते. मराठीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावर इंग्रजीसारखा ठळक आघात नसतो, त्यामुळे ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ हे दोन्ही शब्द एकाच ठेक्यात म्हटले जातात. इंग्रजीत पहिल्याचा जोर ‘फो’वर आणि दुसऱ्याचा ‘टॉ’वर असतो. जोर चुकीच्या जागी पडला की परदेशी कान शब्दच हरवतो. ही सवय आठवड्यात जात नाही, पण नेहमीच्या वापरातले शंभरेक लांब शब्द सुधारले तरी स्पष्टतेत फरक पडतो.

निर्णयात पैसा आणि तारखाही असतात. भारतात पूर्ण परीक्षेचे शुल्क साधारण १७-१८ हजार रुपयांच्या घरात जाते. पूर्ण परीक्षा पुन्हा दिली तर चारही कौशल्ये नव्याने मोजली जातात. बोलण्यात ६ आले आणि लेखन ६.५ वरून ५.५ वर घसरले, तर परिस्थिती तिथल्या तिथेच. दोन गुणपत्रिकांतले चांगले चांगले आकडे सहसा एकत्र करता येत नाहीत. म्हणून ‘वन स्किल रिटेक’ ही सोय कामाची आहे. संगणकावर परीक्षा दिलेल्या उमेदवाराला मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत एका कौशल्याची, एकदाच, फेरपरीक्षा देता येते. बाकी तीन बँड तसेच राहून नवी गुणपत्रिका मिळते आणि जुनी वापरायची की नवी हे उमेदवार ठरवतो. गुण कमी झाले तरी नुकसान शुल्काचेच. मात्र प्रत्येक विद्यापीठ किंवा व्हिसा कार्यालय ही गुणपत्रिका मान्य करत नाही. ते आधी लेखी विचारून घ्यावे.

तिसरा मार्ग फेरतपासणीचा. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत ‘एन्क्वायरी ऑन रिझल्ट्स’साठी अर्ज करता येतो. मग दुसरा अनुभवी परीक्षक आधीचा बँड न पाहता मुद्रण ऐकून गुण देतो. बँड वाढला तर शुल्क परत मिळते. आपण नीट बोललो असे खात्रीने वाटणाऱ्याने आणि तीन मुद्रणांवरूनही तेच दिसणाऱ्याने हा अर्ज करावा. रागाच्या भरात केलेल्या अर्जातून क्वचितच काही निघते.

एक कल्पित उदाहरण पाहू. नाशिकच्या एका अभियांत्रिकी पदवीधर मुलीला १० फेब्रुवारीच्या संगणकावरील परीक्षेत ऐकण्यात ८, वाचण्यात ७.५, लेखनात ६.५ आणि बोलण्यात ५.५ मिळाले. सरासरी ६.८७५, म्हणून एकूण ७. ब्रिटनमधल्या विद्यापीठाने एकूण ६.५ आणि प्रत्येकी किमान ६ मागितले आहेत, आणि गुणपत्रिका ३१ मेपर्यंत हवी आहे. ६० दिवसांची मुदत ११ एप्रिलला संपते. निकाल आल्याबरोबर त्याच आठवड्यातली तारीख घ्यायचा तिचा पहिला विचार होता. पण तिच्या मुद्रणांत दिसले की प्रत्येक कार्डावरचे बोलणे ५० सेकंदांच्या आसपास थांबते, वाक्ये बरोबर आहेत पण छोटी, आणि विषय तांत्रिक असला की ती वेगाने व स्पष्ट बोलते. लेखनाचा ६.५ याला दुजोरा देतो. तिची भाषेची पातळी पुरेशी आहे, कमी पडतो तो सलग बोलण्याचा सराव. विद्यापीठ एका कौशल्याची फेरपरीक्षा मान्य करत असल्याची खात्री करून तिने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली जागा घेतली. म्हणजे सहा-सात आठवडे रोज दोन नवी कार्डे आणि आठवड्यातून दोनदा अनोळखी माणसाशी इंग्रजीत संवाद. तिथेही कमी पडले तरी मे महिन्यात पूर्ण परीक्षेला जागा उरते.

याच मुलीला लेखनातही ५.५ असते तर हा मार्ग बंद होता, कारण फेरपरीक्षा एकाच कौशल्याची. तेव्हा पुढच्या सत्राचा प्रवेश धरून चार-पाच महिने थांबणे आणि मग पूर्ण परीक्षा देणे शहाणपणाचे. गुणपत्रिका सहसा दोन वर्षे चालते, त्यामुळे तेवढ्या थांबण्याने काही बुडत नाही. पण थांबणे म्हणजे नुसते दिवस मोजणे नव्हे. दर पंधरा दिवसांनी तीन मुद्रणे करायची आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवायची. दोन मिनिटे सलग बोलणे, पुनरुक्ती कमी होणे आणि जोडवाक्यांतली क्रियापदे बरोबर येणे हे तिन्ही विषयांत दिसले की तारीख घ्यायची. तीन महिन्यांनीही कागद तसाच असेल, तर सरावाची पद्धत बदलायला हवी.

काही जण अशा वेळी परीक्षाच बदलतात. पीटीई या परीक्षेत संगणकाशी बोलायचे असते आणि गुण प्रामुख्याने संगणकप्रणाली देते. ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणणे, मोठ्याने वाचणे असे प्रकार असतात. समोर माणूस असला की ज्याची वाचा बसते त्याला ते सोयीचे पडते. पण मायक्रोफोनसमोर न थांबता बोलत राहणे हा वेगळाच सराव आहे, त्यालाही काही आठवडे द्यावे लागतात, आणि हवे असलेले विद्यापीठ ती परीक्षा मानते का हे इथेही आधी पाहावेच लागते.