सुटकेनंतरची चौदा वर्षे

३ जून १९६८ रोजी मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने एका कैद्याला निर्दोष सोडले. तो तुरुंगाच्या फाटकाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. मधली चौदा वर्षे तो आतच होता, आणि या काळात त्याच्यावर ना कुठला खटला चालू होता, ना तो कुठली शिक्षा भोगत होता.

त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. त्याला अखेर सोडले तेव्हा सरकारने म्हटले, माणूस सुटला, आता अर्जात काही उरले नाही. पण अर्जात आणखी एक मागणी होती: गेलेल्या वर्षांची भरपाई. मग सरकारने सांगितले की तो वेडा होता, म्हणून ठेवून घेतला. न्यायालयाने कागद मागितले. वेडाचा पुरावा निघाला नाही. निघाला तो सरकारी शल्यचिकित्सकाचा फेब्रुवारी १९७७ चा अहवाल, आणि त्यात हा माणूस ठीक असल्याचे म्हटले होते. तो अहवाल विधी खात्याला कळवलेलाही होता. त्यानंतरही साडेपाच वर्षांहून अधिक काळ कोणी कुलूप काढले नाही.

१ ऑगस्ट १९८३ रोजी ‘रुदुल शाह विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्याचा निकाल लागला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, आपल्या पुण्याच्या माणसाने. मला थक्क करते ते हे, की मूलभूत हक्क मोडला तर नागरिकाला पैसे द्या, असे राज्यघटनेत कुठेही लिहिलेले नाही. कलम २१ जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देते आणि कलम ३२ त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडते, एवढेच. चंद्रचूडांचा प्रश्न साधा होता: माणूस आधीच सुटला असेल, तर नुसते ‘सोडा’ म्हणून त्याच्या हक्काचे काय रक्षण झाले? म्हणून राज्याने भरपाई द्यायची, तीही थेट याच अर्जात. आधी दिलेले पाच हजार आणि वर तीस हजार. ही अंतरिम रक्कम आहे, पूर्ण नुकसानीसाठी दिवाणी दावा करण्याची वाट मोकळी आहे, असेही निकालात आहे. पस्तीस हजारांना त्या दिवसांनी भागून पाहा: दिवसाला सात रुपयेही होत नाहीत. तरीही हे दार तेव्हा उघडले, आणि आजही लोक त्यातूनच जातात.

मात्र ते सगळ्यांसाठी उघडत नाही. या कैद्याची कोठडी उघड बेकायदा होती. पण न्यायाधीशाच्या रिमांडवर, जामीन नाकारून ठेवलेला माणूस दहा वर्षांनी निर्दोष सुटला, तर कायदा म्हणतो की त्याची कोठडी त्या वेळी कायदेशीरच होती. नुसत्या सुटकेने भरपाईचा हक्क तयार होत नाही. अक्षरधाम खटल्यातून २०१४ साली सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. उलट आपल्याच नाशिकच्या २००३ च्या गुन्ह्यातले सहा जण पाहा. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना फाशी ठोठावली होती, आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला राज्याला सांगितले. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ साली पन्नास लाख मिळाले, कारण त्यांची अटकच अनावश्यक होती असे न्यायालयाला दिसले. कोणाला किती, याचे कोष्टक कुठेच नाही. २०१८ साली विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात अशा दाव्यांसाठी विशेष न्यायालये सुचवली, पण त्यांचा कायदा झाला नाही. मला हा अन्यायच वाटतो.

मग करता येते ते काय? निकालपत्र नीट वाचा. ‘संशयाचा फायदा’ एवढेच लिहिले असेल तर वाट बिकट आहे. पोलिसांनी पुरावा रचला, दडवला, खोटा साक्षीदार उभा केला असे न्यायाधीशाने नोंदवले असेल, तर ती ओळ तुमचा आधार आहे. ती घेऊन कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. तिथे खटला योग्य कारणाशिवाय आणि द्वेषाने भरला, हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते, आणि हे फार अवघड आहे. शिवाय सरकारवर दावा लावण्याआधी सहसा दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

माणसे चुकतात ती मुदतीत. तुरुंगातून आलेला माणूस आधी घर, काम, आईचे आजारपण सावरतो, आणि वकिलाकडे जातो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तुमच्या ओळखीत कोणी असा सुटून आला असेल, तर त्याच आठवड्यात निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मोफत वकिलासाठी अर्ज करा. द्वेषमूलक खटल्याबद्दलच्या दिवाणी दाव्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून फक्त एक वर्षाची आहे.