साडेसहा की साडेसात?

रग्बी युनियनमध्ये न्यूझीलंड आणि इटली समोरासमोर आले, तर कोण जिंकेल यावर पैज घेण्यात फारसा अर्थ उरत नाही. म्हणून बुकी बलाढ्य संघाच्या गुणांतून आधीच काही गुण वजा करतात. यालाच हँडिकॅप म्हणतात. एखाद्या संघापुढे ‘उणे 7.5’ लिहिलेले असेल, तर त्याच्यावरची पैज जिंकायला त्याने किमान 8 गुणांनी जिंकायला हवे. अर्धा गुण कुणालाच मिळत नाही, त्यामुळे पैज बरोबरीत सुटत नाही.

आता 6.5 आणि 7.5 यांत फरक एकाच गुणाचा. 8.5 आणि 9.5 यांतही तेवढाच. तरी पहिला फरक फार महाग आहे आणि त्याचे कारण गुण मिळवण्याच्या पद्धतीत आहे. ट्रायला 5 गुण, त्यानंतरच्या कन्व्हर्जनला 2, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलला 3. म्हणजे गुण बहुधा तीन किंवा सातच्या गठ्ठ्यांनी येतात आणि अंतिम फरकही 3, 7, 10, 14, 17 अशा आकड्यांवर वारंवार थांबतो. 2015 च्या विश्वचषकाची अंतिम लढत न्यूझीलंडने 34-17 अशी जिंकली. फरक 17, म्हणजे दोन सात आणि एक तीन.

सातचे महत्त्व स्पर्धेचे नियम आणखी वाढवतात. सिक्स नेशन्समध्ये 7 किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघाला गुणतक्त्यात एक बोनस गुण मिळतो. समजा 24-14 असा फलक आहे, शेवटचे मिनिट चालू आहे आणि पिछाडीवरच्या संघाला पेनल्टी मिळाली. तीन गुणांनी सामना काही वाचत नाही, पण बोनस मिळतो. म्हणून ते गोलकडे किक मारतात आणि सामना 24-17 वर संपतो. विजेता तोच राहिला, पण उणे 7.5 वाल्याची पैज त्या एका किकने बुडाली. उणे 6.5 वाल्याची मात्र टिकली.

अर्थात, सात कधीच हमखास नसतात. ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतून कन्व्हर्जन मारावे लागते. कोपऱ्यातली किक अवघड असते, मग सातचे पाचच राहतात. 2015 मध्ये ब्रायटनला जपान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 29-32 असा मागे होता. पेनल्टीवर तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती. कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला, ट्राय झाला, कन्व्हर्जन हुकले आणि फरक राहिला दोनाचा, 34-32.

आणखी एक खाचखळगा आहे. हँडिकॅपचा निकाल साधारणपणे 80 मिनिटांवर लागतो, जादा वेळ धरत नाहीत. 2003 ची अंतिम लढत इंग्लंडने जॉनी विल्किन्सनच्या ड्रॉप गोलवर 20-17 अशी तीन गुणांनी जिंकली, पण 80 मिनिटांनंतरचा फलक 14-14 होता.