कूलिंग पॅडचा वारा जातो कुठे?

कूलिंग पॅड घेताना त्याचे पंखे मोजण्याआधी आपला लॅपटॉप उलटा करून पाहावा. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि बिजागरीकडून किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकतात. रबरी पायांमुळे तळाखाली काही मिलिमीटरचीच फट राहते. गादीवर ठेवला की तीही बुजते.

म्हणूनच पंखा नसलेला साधा स्टँडही उपयोगी पडतो. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलली की जड काम चालू असताना प्रोसेसरचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. मात्र स्टँडची पट्टी नेमकी जाळीखाली येता कामा नये.

यूएसबीवर चालणाऱ्या पॅडचा फायदा बहुधा यापेक्षा फारसा जास्त नसतो. जुन्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अडीच वॅट वीज मिळते. तेवढ्यावर पाच पंखे फिरतात, पण हवेला दाब येत नाही. वारा तळावर आपटून बाजूंनी निघून जातो. तळहाताखालचा भाग गार लागतो, हा फायदा खरा. चिप मात्र जवळपास तेवढीच तापलेली असते.

फरक पडतो तो कडेने स्पंजची पट्टी असलेल्या पॅडमुळे. त्यात स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा जोरदार ब्लोअर असतो. लॅपटॉप स्पंजवर घट्ट बसला की हवेला जाळीतून आत शिरण्यावाचून वाट उरत नाही. तळातून हवा घेणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये दहा किंवा त्याहून जास्त अंशांची घट याच रचनेत दिसते. मोठा आवाज सोसावा लागतो आणि धुळीची गाळणी नसेल तर धूळही दाबाने आत जाते. २०२० च्या अखेरीपासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. तिथे बाहेरचा वारा फक्त धातूचे अंग निववतो.

फरक मोजताना एक फसगत होते. समजा, प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. पॅड लावल्यावरही आकडा ९५च दिसेल, पण वेग ३.० वरून ३.४ गिगाहर्ट्झवर गेला असेल, तर पॅडने काम केले. म्हणून HWiNFO मध्ये तापमान आणि वेग दोन्ही पाहावेत. तेच काम पंधरा मिनिटे, त्याच खोलीत, आधी पॅडशिवाय आणि मग पॅडसह चालवावे. दुपारी एक चाचणी आणि रात्री दुसरी घेतली तर निकाल निरर्थक ठरतो. पॅड खोलीतलीच हवा ढकलतो, त्यामुळे खोली पाच अंशांनी तापली तर चिपही जवळपास तेवढीच तापते.

जुना लॅपटॉप अलीकडेच जास्त तापू लागला असेल, आतला पंखा ओरडतो पण बाहेरचा झोत मंद असेल, तर पंख्यासमोरच्या धातूच्या पात्यांवर धुळीचा थर बसलेला असण्याची शक्यता मोठी. आधी तो साफ करून घ्यावा, पॅडचा विचार नंतर.