जाहिरात बंद करून पाहिली तेव्हा

इंटरनेटवर जाहिरात करणाऱ्या कोणत्याही कंपनीकडे दर महिन्याला एक अहवाल येतो. इतक्या लोकांनी जाहिरात पाहिली, इतक्यांनी तिच्यावर क्लिक केलं, त्यांतल्या इतक्यांनी खरेदी केली, असं त्यात असतं. खर्च एक रुपया आणि विक्री वीस रुपये, असा हिशेब समोर आला की मालक खूश होतो आणि पुढच्या महिन्याचं बजेट वाढवतो. हे आकडे खोटे नसतात. पण त्या लोकांपैकी किती जणांनी जाहिरात नसतीच तरीही खरेदी केली असती, हे त्या अहवालात कुठेच नसतं. जाहिरातीची खरी कमाई मात्र त्यावरच ठरते.

हे शोधण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे काही भागांत जाहिरात बंद करायची, बाकीच्या भागांत चालू ठेवायची आणि दोन्हीकडच्या विक्रीत काय फरक पडतो ते पाहायचं. अमेरिकेतल्या ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने २०१२ साली हे मोठ्या प्रमाणावर केलं. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी त्याचे निष्कर्ष पुढे २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात मांडले.

सुरुवात लहान होती. कोणी सर्चमध्ये ‘ईबे’ असा शब्द टाकला की निकालांच्या वर ईबेचीच जाहिरात यायची आणि तिच्या खाली ईबेच्या संकेतस्थळाचा फुकटचा दुवा असायचा. वरच्या ओळीवर क्लिक झालं की ईबेला पैसे मोजावे लागत. मार्च २०१२ मध्ये याहू आणि एमएसएनवर या जाहिराती थांबवल्या आणि गुगलवर चालू ठेवल्या. बंद झालेल्या जाहिरातींवरून जितके लोक येत होते, त्यांपैकी ९९.५ टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. ज्याने स्वतःहून दुकानाचं नाव टाइप केलं, तो दुकानात येण्याच्या वाटेवरच होता.

यावर कोणीही म्हणेल की स्वतःच्या नावाची गोष्ट वेगळी. एखादा माणूस ‘गिटार’ किंवा ‘वापरलेला कॅमेरा’ शोधतो, तेव्हा तरी जाहिरातच त्याला ईबेकडे आणत असेल ना? खरा प्रयोग याचसाठी झाला. निल्सन या संस्थेने टीव्हीच्या प्रेक्षकांनुसार अमेरिकेचे २१० बाजार-विभाग आखलेले आहेत, आणि सर्च करणारा माणूस कोणत्या विभागात आहे हे गुगल बऱ्यापैकी अचूक ओळखतं. ईबेने सुमारे ३० टक्के विभागांत अशा शब्दांवरच्या जाहिराती थांबवल्या. विभाग निवडताना आधी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड केली, आणि मग पूर्वीच्या काळात ज्यांची विक्री साधारण एकाच चालीने वरखाली होत असे, असे विभाग दोन्ही बाजूंना येतील याची काळजी घेतली. ही काळजीच प्रयोगाचा कणा आहे. तुलनेचा भाग एरवीही वेगळ्या चालीने चालत असेल, तर नंतर दिसणारा फरक कशाचा हे सांगताच येत नाही.

हिशेब कसा करतात ते कल्पित आकड्यांवर पाहू. समजा, जाहिरात चालू ठेवलेल्या भागांत आधी १०० लाखांची विक्री होती आणि प्रयोगाच्या काळात ती ११० लाख झाली, म्हणजे १० टक्के वाढ. बंद ठेवलेल्या भागांत आधी ५० लाख होती. तीच चाल धरली तर तिथे ५५ लाख व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ५४ लाख ७० हजार झाली. म्हणजे जाहिरातीने आणली असती अशी जादा विक्री केवळ ३० हजारांची. आता त्या भागांत जाहिरातीचे ८० हजार रुपये वाचले असतील, तर प्रत्येक रुपयामागे ३७ ते ३८ पैशांचीच विक्री येत होती. आणि ही विक्री आहे. नफा त्याहूनही कमी.

ईबेचा निकाल जवळपास असाच आला. जाहिरातीमुळे विक्रीत पडणारा फरक ०.६६ टक्के निघाला, आणि तोही शून्यापासून वेगळा ओळखता येईल इतका ठळक नव्हता. खर्चाच्या मानाने परतावा निघाला उणे ६३ टक्के. अंदाजात राहणारी अनिश्चितता धरून सगळ्यांत उदार आकडा घेतला, तरी तो उणे ३ टक्के होता. हीच माहिती विभाग वेगळे न करता, खर्च आणि विक्री शेजारी ठेवून तपासली, तर परतावा ४,१०० टक्क्यांहून जास्त दिसत होता. एवढी तफावत पडते याचं कारण असं, की लोकांना खरेदी करायची असते तेव्हाच ते जास्त शोधतात. जास्त शोधल्यामुळे जाहिराती जास्त दिसतात आणि खर्च वाढतो. खरेदीही त्याच वेळी वाढते. दोन्ही एकाच कारणाने वाढतात, आणि श्रेय मात्र जाहिरातीला मिळतं.

मला या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग यापुढचा वाटतो. नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम खरोखरच झाला होता. नेहमी खरेदी करणाऱ्यांवर काहीच झाला नव्हता, आणि पैसे मुख्यतः त्यांच्याच क्लिकवर जात होते. ईबे हे नाव अमेरिकेत घरोघरी माहीत होतं. ज्या कंपनीचं नाव कोणी ऐकलेलं नाही, तिने या निकालावरून जाहिराती बंद केल्या तर ती स्वतःचं नुकसान करून घेईल. तिने निकाल उचलू नये, पद्धत उचलावी.

पद्धत मात्र आपल्याकडे आणताना जपून. सांगलीत जाहिरात बंद आणि कोल्हापुरात चालू ठेवली, तर दोन्हीकडे रोज ये-जा करणारे लोक ती पाहतीलच आणि फरक पुसट होईल. सारख्या चालीचे पण एकमेकांपासून दूरचे जिल्हे घ्यावेत. सणांचाही विचार हवा. भाद्रपदात मुंबईची माणसं गणपतीसाठी कोकणात उतरतात, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातली विक्री जाहिरातीशिवायही फुगते आणि मुंबईतली ओसरते. त्या आठवड्यांत हे जिल्हे समोरासमोर ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा असेल.

आणखी एक अडचण आहे, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमची विक्री एरवीही आठवड्याला पाच-सात टक्के इकडेतिकडे होत असेल, तर दोन-तीन जिल्ह्यांच्या प्रयोगात एक टक्क्याचा परिणाम दिसणारच नाही. हे आधीच तपासता येतं. गेल्या वर्षीचे असे काही आठवडे घ्या, ज्यांत जाहिरातीत काहीही बदल केला नव्हता. त्या काळात अमुक जिल्ह्यांत जाहिरात बंद होती असं समजून हाच हिशेब करा. उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. चार टक्के आलं, तर तुमच्या मापात तेवढी चूक आहे. मग जिल्हे वाढवा, मुदत वाढवा आणि पुन्हा तपासा. तोवर खरा प्रयोग सुरू करू नका. मुदत आधी ठरवून ती पाळणंही तितकंच गरजेचं. विक्री जरा घसरली की घाबरून तिसऱ्याच दिवशी जाहिरात परत सुरू केली, तर हाती काहीच लागत नाही.

तेव्हा जाहिरात संस्थेने पुढच्या वेळी क्लिक आणि विक्रीचे आकडे समोर ठेवले, की त्यांना एवढंच विचारा: जिथे जाहिरात बंद ठेवली होती, तिथे विक्री किती घटली? अशी एकही जागा नसेल, तर पुढचं बजेट मंजूर करण्याआधी ती ठेवायला सांगा.