कौलारू घराची कैची: लाकडाची की लोखंडाची?

कोकणात जुनं घर उतरवून नवं बांधायला काढलं की सुतार आणि फॅब्रिकेटर दोघेही आपापला हिशोब घेऊन येतात. चर्चा बहुतेक वेळा दरावर आणि ‘किती वर्षं टिकेल’ यावर अडते. पण छप्पर टिकणार की नाही, हे कैचीच्या एका सांध्यावर ठरतं: वासा उतरत येऊन जिथे तळच्या तुळईला मिळतो तो, भिंतीवरचा सांधा. लाकूड आणि लोखंड यांतला खरा फरकही तिथेच दिसतो.

एक साधं घर घेऊ. चिऱ्याच्या भिंती, रुंदी 20 फूट, लांबी 30 फूट. दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती आणि मधे दहा-दहा फुटांवर दोन कैच्या. मंगलोरी कौलांसाठी उतार साधारण 30 अंशांचा, म्हणजे दहा फुटांत पावणेसहा फूट उंची. त्याहून कमी ठेवला तर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस कौलांच्या जोडातून आत शिरतो. रिपांसकट या कौलांचं वजन चौरस मीटरला 65 किलो धरतात. पागोळीचा भाग मिळून एका कैचीच्या वाट्याला पावणेदोन टनांच्या आसपास भार येतो.

हे वजन फक्त खाली दाबत नाही. आढ्यापाशी एकमेकांना टेकलेल्या दोन वाशांचे पाय गुळगुळीत फरशीवर उभ्या केलेल्या शिडीसारखे बाहेर घसरू पाहतात. आपल्या उदाहरणात हा बाहेरचा रेटा पाचशे ते सहाशे किलो भरतो. चिऱ्याची भिंत उभं वजन आरामात पेलते, पण वरच्या टोकाला आडवा धक्का तिला सोसत नाही. म्हणून दोन्ही पायांना बांधून ठेवणारी तळची तुळई लागते. ती सतत ताणलेली असते, आणि तो ताण वाशाकडून तिच्याकडे नेण्याचं काम त्या सांध्याचं.

लाकडाचा जीव इथेच आखडतो. आख्खं लाकूड ताण उत्तम घेतं, पण सांध्यापाशी खाच पाडली की काम करणारं लाकूड उरतं थोडंच. खाचेपुढे तुळईचं टोक आखूड राहिलं तर रेट्याने तो तुकडा रेषांबरोबर सोलून निघतो. म्हणून जाणता सुतार खाचेपुढे ऐसपैस टोक सोडतो आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी लावून आरपार बोल्ट मारतो. बारा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर तुळईच्या टोकापासून त्याचं अंतर निदान साडेतीन इंच हवं. नुसत्या खिळ्यांवर हा सांधा सोडू नये.

दुसरा शत्रू ओल. तुळईचं टोक भिंतीत चिणून चारी बाजूंनी सिमेंट भरलं की पावसाळ्यात मुरलेलं पाणी सुकायला वाट राहत नाही आणि साग असला तरी टोक कुजतं. टोक दगडी पाटावर टेकवून बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडली तर तेच लाकूड पिढ्यान्‌पिढ्या राहतं. जुन्या छपराची तपासणी इथूनच करावी. स्क्रूड्रायव्हर टोकाशी दाबून पाहावा. चांगल्या लाकडात तो रुतत नाही, कुजक्यात सहज घुसतो. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेघा, जमिनीवर पिठासारखा भुसा, अंगणातून पाहताना आढ्याला पडलेलं पोट, या सगळ्या खुणा लाकूड आधीच देतं. करकरतं, वाकतं, मग तुटतं.

लोखंडाचा सांधा वेल्डिंगचा. नीट भरलेला वेल्ड हा ताण सहज घेतो, खाच पाडायची गरज नसते, आणि वीस फुटांचा गाळा मधल्या खांबाशिवाय हलक्या पाइपांत निघतो. बाजारात मिळणारं लाकूड पुष्कळदा ओलं असतं. चढवल्यावर सुकताना ते पिळतं आणि कौलांची ओळ बिघडते. लोखंडाला हा त्रास नाही, वाळवीही नाही.

पण लोखंड बिघडतं ते डोळ्याआड. पाइपाचं कापलेलं तोंड उघडं राहिलं तर दमट हवा आत जाते आणि पाइप आतून गंजतो; बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना भिंतीची जाडी संपत आलेली असते. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडतं. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घेतला तरी वेल्ड करताना त्या जागेचं जस्त जळून जातं. म्हणून प्रत्येक तोंडाला पत्र्याचं टोपण वेल्ड करायला लावा. सांध्यावरची काळी खपली घासून काढून, लाल प्रायमर किंवा जस्तयुक्त रंग कैची वर चढवण्याआधी, जमिनीवरच द्यायला सांगा. वर चढल्यावर सांध्याच्या मागच्या अंगाला ब्रश पोचत नाही. नुसते टाके मारून सोडलेला वेल्ड आणि सलग भरलेला वेल्ड यांतला फरक तेव्हाच डोळ्यांनी दिसतो.

आणखी एक घोटाळा रिपांचा. कौलांचं माप कारखान्यागणिक थोडं बदलतं. लाकडी रीप खिळा उपटून सरकवता येते. वेल्ड केलेली रीप सरकत नाही. म्हणून आणलेल्याच कौलांतली दहा-बारा एका ओळीत आधी घट्ट, मग सैल मांडून दोन्ही लांब्या मोजाव्यात आणि मधलं अंतर काढून रिपांना द्यावं.

दोन्ही प्रकारांत एक मोह मात्र सारखाच महागात पडतो. खोली उंच वाटावी म्हणून तळची तुळई वर सरकवतात. ती निम्म्या उंचीवर नेली की तिच्यावरचा ताण जवळपास दुप्पट होतो, आपल्या घरात एक टनापलीकडे, आणि वासे मधे वाकायला लागतात. तुळईवर पोटमाळा घालायचा किंवा झोपाळा टांगायचा असेल तर सुतार वा फॅब्रिकेटर यांना आधीच सांगावं. लाकडी तुळई जाड असल्याने जुन्या घरांत हे खपून गेलं. बारीक पाइपाची तुळई ताणासाठी असते, वाकण्यासाठी नाही.

राहिला वारा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात अनेक घरांची छपरं उडवली. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 68 किलो होतो, म्हणजे कौलांच्या वजनाला तोडीस तोड. पागोळीच्या कडेला उचलणारी ओढ याहून जास्त असते, म्हणून कौलं तिथूनच सुटायला लागतात. कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना बांधाव्यात, आणि कैची भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात आधीच बसवलेल्या बोल्टांना जखडावी. नुसत्या चिऱ्यात ठोकलेला बोल्ट उपटून येतो.

मग निवड कशी करावी? जुन्या घराचं सागाचं किंवा ऐनाचं लाकूड टणक असेल तर ते मोडीत काढू नका. कुजलेलं टोक कापून नवा तुकडा जोडा, पट्ट्या आणि बोल्ट लावा. नवं लाकूड विकत घ्यायचं असेल आणि ते नीट सुकलेलं मिळत नसेल तर लोखंड बरं, पण टोपणं, सलग वेल्ड आणि जमिनीवरचा रंग या तीन अटी करारात लिहून घ्या. खाडीकाठी किंवा किनाऱ्यावर घर असेल आणि दर काही वर्षांनी रंगकाम होणार नसेल, तर सुकं लाकूडच जास्त भरवशाचं.