‘अनलेस’ कापलं की नियम बदलतो

नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आणि विमानतळाची चर्चा पुन्हा नाव आणि नोकऱ्या या दोन मुद्द्यांवर येऊन थांबली. नावाचं तूर्त राहू द्या. नोकरी म्हणजे आधी प्रशिक्षण, आणि या क्षेत्रात प्रशिक्षण म्हणजे पडद्यावर एकामागून एक इंग्रजी स्लाइड. तरघर, उलवे, कोंबडभुजे इथल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला इंग्रजी वाचता येतं, फक्त वेळ थोडा जास्त लागतो. त्याचा अर्थ लागेपर्यंत पुढची स्लाइड आलेली असते.

यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: शब्द कमी करा. एका स्लाइडवर सहा ओळी, एका ओळीत सहा शब्द. रोगापेक्षा औषध भयंकर, ते हे. का, ते पाहायला विमानात इंधन भरण्याच्या कामावरची एक स्लाइड घेऊ. अशा स्लाइडवरची भाषा साधारण या वळणाची असते:

‘प्रायर टू कमेन्सिंग रिफ्युएलिंग, एन्शुअर दॅट बाँडिंग केबल हॅज बीन हुक्ड अप. रिफ्युएलिंग शुड नॉट बी कॅरिड आउट विथ पॅसेंजर्स ऑन बोर्ड अनलेस रिक्विझिट प्रिकॉशन्स आर इन प्लेस.’

यात अवघड काय? स्लाइड करणाऱ्याला वाटतं, ‘बाँडिंग केबल’. पण ती केबल मुलांनी हातात घेतलेली असते, तिचं नाव त्यांना पाठ असतं. अडतं ते ‘हुक्ड अप’, ‘कॅरिड आउट’, ‘इन प्लेस’ या जोडशब्दांपाशी. इंग्रजी घरात बोलणाऱ्याला ते सोपे वाटतात. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याला ‘कनेक्टेड’ जास्त लवकर कळतं. आणि सगळ्यात जास्त अडतं ‘नॉट’च्या मागून येणाऱ्या ‘अनलेस’पाशी. आधी नकार, मग त्या नकाराला अपवाद, आणि अपवाद नेमका कोणता ते सांगितलेलंच नाही.

आता सहा शब्दांचा नियम लावा. ‘कनेक्ट बाँडिंग केबल. नो रिफ्युएलिंग विथ पॅसेंजर्स.’ छान, सुटसुटीत, आणि दोन्ही ओळी चुकलेल्या.

पहिल्या ओळीतून क्रम गेला. इंधन वाहताना स्थिर विद्युत साठते. विमान आणि इंधनाची गाडी केबलने जोडली की दोन्हींचा विद्युत दाब सारखा होतो आणि ठिणगी पडण्याचा धोका टळतो. म्हणून केबल होजच्या आधी जोडायची आणि होज काढल्यावर शेवटी काढायची. केबल जोडली पण होजनंतर जोडली, तर ‘कनेक्ट बाँडिंग केबल’ ही ओळ तंतोतंत पाळली गेली आणि काम मात्र चुकलं. खरं तर मूळ वाक्यही इथे ढिलं आहे. होज जोडणं हे रिफ्युएलिंगच्या आधीचं की त्यातलंच, ते त्यातून कळत नाही.

दुसऱ्या ओळीचं नुकसान मोठं. प्रवासी आत असताना इंधन भरायला सरसकट बंदी नसते, काही अटींवर परवानगी असते. पट्टे सुटलेले हवेत, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या हव्यात, कर्मचारी दारांशी तयार हवेत, खालचा माणूस आणि कॉकपिट यांच्यात बोलणं चालू हवं, वगैरे. ‘नो’ शिकून आलेला मुलगा कामावर गेल्या गेल्या पाहतो की आत प्रवासी बसलेत आणि खाली इंधन चाललंय. तो काय समजेल? स्लाइडवरचे नियम कागदापुरते असतात. मग खरोखर अटळ असलेला नियमही तो त्याच टोपलीत टाकेल.

आता अर्थ न गमावता केलेली स्लाइड अशी:

‘फर्स्ट, कनेक्ट द बाँडिंग केबल टू द एअरक्राफ्ट. देन कनेक्ट द फ्युएल होज. आफ्टर फ्युएलिंग, डिस्कनेक्ट द होज फर्स्ट. डिस्कनेक्ट द बाँडिंग केबल लास्ट.

आर पॅसेंजर्स ऑन बोर्ड? इफ येस, ऑल द कंडिशन्स ऑन द नेक्स्ट स्लाइड मस्ट बी ट्रू. इफ वन कंडिशन इज नॉट ट्रू, डू नॉट स्टार्ट.’

मूळचे २८ शब्द होते, आता ४९ झाले आणि एक स्लाइड वाढली. वाढू द्या. ‘अनलेस’चा गुंता आता एक प्रश्न आणि दोन ‘इफ’ इतका सरळ झाला आहे, आणि अटी कंपनीच्या नियमपुस्तकातून जशाच्या तशा उचलून पुढच्या स्लाइडवर गेल्या आहेत.

हे मी नवीन सांगतोय असं नाही. विमान दुरुस्तीच्या पुस्तिकांचं इंग्रजी कळत नाही, ही तक्रार युरोपातल्या विमान कंपन्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि १९८६ मध्ये सोप्या तांत्रिक इंग्रजीची नियमावली आली. आज ती ASD-STE100 या नावाने चालते. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत, एका शब्दाला एकच अर्थ, नामांची माळ तीनपेक्षा लांब नको, असे तिचे नियम आहेत. तांत्रिक नावं मात्र ती तशीच राहू देते. आणि माझा सगळ्यात आवडता नियम: वाक्य आखूड करण्यासाठी शब्द गाळू नका. सहा-सहाच्या भक्तांनी हा एक तरी वाचावा.

‘शुड’चं काय, हा प्रश्न उरतोच. प्रमाणपत्रांच्या आणि मानकांच्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा. आपलं ‘पाहिजे’ पहिल्या दोन्हींना चालतं, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला तो फरक दिसतच नाही. म्हणून स्लाइडवर ‘मस्ट’ लिहावं हे बरोबर; पण मुळात शिफारस असेल तर ‘मस्ट’ लिहिणं म्हणजे स्वतःच्या अधिकारात नियम काढणं. तिथे ‘वुई रेकमेंड’ असं उघड लिहावं. हा निवाडा भाषेच्या माणसाने करायचा नसतो, मूळ नियमपुस्तक उघडून इंजिनिअरने करायचा असतो.

विशेषणांचंही तेच, ती मूळ आकडा झाकतात. कोलंबिया यान उडाल्यावर त्याच्या पंखाला फोमचा तुकडा लागला होता. त्या धडकेवरची स्लाइड जानेवारी २००३ मध्ये नासाच्या अधिकाऱ्यांसमोर आली, तिच्यात ‘सिग्निफिकंट’ हा शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा होता. अगदी तळाशी खरी गोष्ट होती: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, प्रत्यक्षातला अंदाजे १९२०. म्हणजे ६४० पट. तो आकडा मथळ्यात असता तर इंग्रजीवाल्यांनाच काय, पनवेलच्या मुलांनाही कळला असता. १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सात जण गेले. फक्त स्लाइडमुळे गेले असं कुणी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडवर स्वतंत्र टिपण केलं.

आपली स्लाइड जमली की नाही, हे ‘समजलं का?’ विचारून कळत नाही. सगळे माना हलवतात. प्रसंग द्यावा. होज काढला, आता काय काढशील? आत प्रवासी आहेत, एकाचा पट्टा लावलेला आहे, सुरू करशील का? किंवा स्लाइड पाहिलेल्या मुलाला नियम मराठीत सांगायला लावावा आणि ती न पाहिलेल्या इंजिनिअरने तो ऐकून लिहावा. लिहिलेलं नियमपुस्तकाशी जिथे जुळत नाही, तिथे दुरुस्ती मुलाची करायची नाही, स्लाइडची करायची.

एक मर्यादा मात्र राहते. पुढे कामावर हाच मुलगा मूळ पुस्तिका उघडेल, आणि तिथे ‘अनलेस’ असेलच. म्हणून सोप्या स्लाइडच्या हातपत्रिकेत मूळ वाक्य कलम क्रमांकासह छापावं, आणि ‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’ हे एकदा वेगळं बसवून शिकवावं. त्याला अर्धा तास पुरतो.