सावली, संक्रांत आणि चुकीचा धनी

१४ जानेवारीला कामरेजच्या गच्च्या पतंगांनी भरून जातात. शेजारचे गुजराती कुटुंब त्या दिवसाला ‘उत्तरायण’ म्हणते, आपण ‘मकरसंक्रांत’ म्हणतो, आणि दोघेही मुलांना सांगतो की आजपासून सूर्य उत्तरेकडे वळला. हे विधान तपासता येते, आणि तपासले तर ते खोटे ठरते. मग चूक कोणाची? पंचांगाची, सूर्याच्या गणिताची, मोजणाऱ्याची, की आणखी कशाची? एखादे भाकीत फसले म्हणजे दोष कोणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न शास्त्रात नेहमीच येतो. तो आज आपल्या गच्चीवरच सोडवून पाहू.

एक मीटर लांबीची काठी गच्चीवर उभी करा आणि मध्यान्हीची सावली मोजा. सूर्य दक्षिणेकडे जाईल तशी ती वाढते. ज्या दिवशी तो परत फिरतो त्या दिवशी ती वर्षातली सर्वांत लांब असते. तेव्हा संक्रांतीला सूर्य वळत असेल, तर सर्वांत लांब सावली १४ जानेवारीस पडली पाहिजे. प्रत्यक्षात कामरेजच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास सावली सुमारे ९९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढी होते. १४ जानेवारीस ती सुमारे ९२ सेंटिमीटरवर आलेली असते. सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळून गेलेला असतो.

येथे घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘पंचांगच खोटे.’ दुसरा म्हणतो, ‘तुमची काठीच वाकडी.’ दोघेही घाई करतात. आपले भाकीत एकट्या पंचांगाच्या गणितातून निघालेले नव्हते. काठी सरळ आहे, मध्यान्ह बरोबर धरली आहे, आणि ‘सूर्य मकर राशीत शिरणे’ व ‘सूर्य उत्तरेकडे वळणे’ या एकाच क्षणाच्या गोष्टी आहेत, ही तीन गृहीते त्याला मुकाट्याने जोडलेली होती. भाकीत फसले, एवढ्यावरून या सगळ्यांत काहीतरी चुकले आहे इतकेच कळते. नेमके काय चुकले, ते एकेक बाजूला काढून तपासावे लागते.

प्रथम काठी. ती ओळंब्याला लावून पाहा. एक अंश कलली तर टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकते. सात सेंटिमीटरांचा फरक पडायला ती चार अंश कलायला हवी, आणि तेवढा कल डोळ्यांनाही दिसतो. शिवाय काठी दोन्ही दिवशी तशीच कललेली असेल, तर दोन्ही मापे सारखीच बिघडतील. काठी सुटली.

मग मध्यान्ह. आपले घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे. कामरेज त्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तो २२ डिसेंबरला साधारण बारा सदतीसला आणि १४ जानेवारीला बारा सत्तेचाळीसच्या आसपास. घड्याळाचे बारा धरून मोजाल तर सावल्या अनुक्रमे १०२ आणि ९७ सेंटिमीटर येतील. म्हणजे या गृहीतात खरोखरच दोष होता, आणि त्याने फरक सातावरून पाचावर आणला. पण क्रम उलटला नाही. बारा वाजल्यापासून सव्वापर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करा आणि सर्वांत आखूड सावली घ्या, म्हणजे हाही दोष निघून जातो. तरी भाकीत फसतेच.

आता गणितालाच दोषी धरावे काय? त्याला एक स्वतंत्र साक्षीदार आहे, तो म्हणजे ग्रहण. आजच्या चांगल्या पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ मिनिटांपर्यंत जुळते. सूर्याची जागा तेवीस दिवसांनी चुकली असती, तर ते कधीच साधले नसते. मात्र ग्रहण सूर्य, चंद्र आणि राहू-केतू यांच्यातील अंतरावर ठरते. राशिचक्राची मोजणी कोठून सुरू केली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सगळ्यांच्या अंशांत चोवीस मिळवले तरी परस्परांतील अंतर तेच राहते. म्हणून ग्रहण जुळते आणि संक्रांत जुळत नाही, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की बोट आपोआप एकाच जागी जाते: आरंभबिंदू, म्हणजे ‘मकर राशीचा प्रारंभ हेच उत्तरायण’ हे तिसरे गृहीत.

हे नुसते सोयीचे निमित्त नाही, हे कसे कळणार? गृहीत बदलले की त्यातून दुसरी भाकिते निघाली पाहिजेत, आणि तीही तपासता आली पाहिजेत. अयनबिंदू ताऱ्यांमधून दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकत असेल, तर इंग्रजी तारखांमध्ये संक्रांत हळूहळू पुढे गेलेली दिसली पाहिजे. तशी ती दिसते: विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. हेच गणित आणखी मागे नेले तर १७६१ ची संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतावर १४ जानेवारीला ‘संक्रांत कोसळली’ असे आपण म्हणतो ते अर्थाने खरे आहे. पंचांगाने मात्र ती चार दिवस आधीच होऊन गेली होती.

दुसरी साक्ष त्याहून जुनी आहे. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहिले की पूर्वी तसे असेल, आता ते मकरारंभी होते, आणि शंका असेल त्याने सावलीच्या खुणा करून पाहावे. म्हणजे त्याच्या काळी मकर आणि उत्तरायण खरोखर जवळजवळ एकत्र होते. गृहीत जन्मतः खोटे नव्हते, ते शिळे झाले.

याउलट प्रकारही आपल्याच परंपरेत आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त आकाशाशी मेळ बसावा म्हणून एकेक ग्रह वेगवेगळ्या सिद्धांतांतून घेतला, आणि शनी आर्यपक्षाचा घेऊन त्यात पाच अंश मिळवले. त्यांची नजर प्रामाणिक होती आणि त्या काळापुरता मेळही बसला. पण ‘पाचच का?’ याला उत्तर नव्हते. ज्या दुरुस्तीतून दुसरे काहीच निघत नाही, ती काळ लोटला की पुन्हा चुकू लागते. केरो लक्ष्मण छत्र्यांना १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग काढावे लागले ते यामुळेच.

छत्र्यांनंतरही एक वाद उरला: आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्याजवळ धरावा की चित्रेच्या समोर? दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक. येथे मात्र सावली निकाल देऊ शकत नाही, कारण शून्य कोठे लिहायचे हा ठरवण्याचा प्रश्न आहे, मोजण्याचा नव्हे. मेघनाद साहांच्या समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष स्वीकारला तो एकवाक्यतेसाठी.

तेव्हा येत्या डिसेंबरात काठी रोवा आणि संक्रांतीपर्यंत हलवू नका. पतंग १४ जानेवारीलाच उडवा, तिळगूळही तेव्हाच वाटा. नातवाने विचारले, ‘आजी, सूर्य आज वळला का?’ तर त्याला डिसेंबरातली खूण दाखवा. पंचांग टाकून द्यायचे नाही आणि काठीही मोडायची नाही. दोन शब्द एकाच दिवसाला चिकटले होते, तेवढे वेगळे करायचे.